आलेखाकडून सूत्राकडे

एका वक्राबद्दल पुढील माहिती दिली आहे. x = -2 आणि x = 3 या दोन उभ्या रेषांजवळ येताच तो वर किंवा खाली अमर्याद निघून जातो. फार डावीकडे आणि फार उजवीकडे गेल्यावर तो y = 2 या आडव्या रेषेच्या अधिकाधिक जवळ येत राहतो. x अक्षाला तो -3 आणि 1 या दोनच ठिकाणी छेदतो, तर y अक्षाला 1 या ठिकाणी. शिवाय (4, 7) या जागी वक्रात छिद्र आहे, म्हणजे आजूबाजूला वक्र सलग आहे, पण नेमका तो एक बिंदू त्यावर नाही. आता या वक्राचे सूत्र लिहा.

शाळेत आपण बहुतेक वेळा याच्या उलट दिशेने जातो. सूत्र हाती असते, त्यात x च्या किमती घालून तक्ता करायचा, बिंदू मांडायचे आणि ते जोडून आलेख काढायचा. इथे आलेखाची लक्षणे हाती आहेत आणि सूत्र शोधायचे आहे. इतक्या अटी एकदम पाळायच्या म्हटल्यावर समीकरणांचा ढीग सोडवावा लागेल असे वाटते. प्रत्यक्षात एकही अवघड समीकरण सोडवावे लागत नाही, कारण प्रत्येक अट सूत्रातल्या एका ठरलेल्या जागेविषयी बोलते. कोणती अट कुठे बसते आणि कोणत्या अटीला शेवटी केवळ साक्षीदाराचे काम उरते, एवढे ओळखले की सूत्र आपोआप उभे राहते.

अंशाचे काम, छेदाचे काम

ज्या सूत्रात एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागलेले असते, त्याला परिमेय फलन म्हणतात. वरची बहुपदी अंश, खालची छेद. आपल्या कामाची पहिली किल्ली नववीच्या बीजगणितातच मिळते, तिचे नाव अवयव सिद्धांत. बहुपदीत x = 5 घातल्यावर उत्तर शून्य येत असेल, तर (x - 5) हा तिचा अवयव असतो, आणि याच्या उलटही खरे असते. म्हणजे एखादी बहुपदी कुठे शून्य व्हावी हे आपल्याला ठाऊक असेल, तर तिचे अवयव आपण थेट लिहू शकतो.

आता अपूर्णांकाकडे पाहू. एखाद्या x ला फक्त अंश शून्य झाला, तर पूर्ण अपूर्णांकाची किंमत शून्य होते. तिथे आलेख x अक्षाला मिळतो. एखाद्या x ला फक्त छेद शून्य झाला, तर किंमत अस्तित्वातच राहत नाही. त्या x च्या जवळपास छेद 0.1, 0.01, 0.001 असा लहान होत जातो आणि अशा लहान संख्येने भागल्यामुळे उत्तर दहापट, शंभरपट, हजारपट फुगते. आलेख उभ्या रेषेच्या कडेने वर किंवा खाली धावतो तो यामुळे. या रेषेला उभी अनंतस्पर्शी रेषा म्हणतात.

तिसरी शक्यता अशी की एकाच x ला अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात. समजा (x - 4) हा अवयव वरही एकदा आहे आणि खालीही एकदा. x जोवर 4 नाही, तोवर हे दोन अवयव एकमेकांना काटतात आणि आलेखावर त्यांची काहीच खूण उरत नाही. नेमके x = 4 घातले, तर मात्र मूळ सूत्रात शून्याला शून्याने भागावे लागते, ज्याला अर्थ नाही. म्हणून आलेखातून तो एकच बिंदू गळतो. हेच छिद्र. अकरावीच्या गणितात सातत्य शिकताना ज्याला दूर करता येण्याजोगी असंततता म्हणतात, तीच ही गोष्ट.

सांगाडा उभा करणे

या तीन शक्यतांवरून आपल्या वक्राचा सांगाडा लिहिता येतो. उभ्या अनंतस्पर्शी रेषा x = -2 आणि x = 3 वर आहेत, म्हणून छेदात (x + 2) आणि (x - 3) हवेत. वक्र x अक्षाला -3 आणि 1 वर छेदतो, म्हणून अंशात (x + 3) आणि (x - 1) हवेत. छिद्र x = 4 वर आहे, म्हणून (x - 4) वर आणि खाली, दोन्हीकडे हवा. या सगळ्यांच्या पुढे एक अज्ञात संख्या a ठेवायची, कारण अख्ख्या सूत्राला शून्य सोडून कोणत्याही संख्येने गुणले तरी वरच्या अटींपैकी एकही मोडत नाही.

```
f(x) = a(x + 3)(x - 1)(x - 4) / ((x + 2)(x - 3)(x - 4))
```

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली चिन्हाची. रेषा -2 वर असली की अवयव (x + 2) असतो, (x - 2) नव्हे. शंका आली की अवयवात ती किंमत घालून तो शून्य होतो का ते पाहावे. दुसरी चूक छिद्राची. छिद्र म्हणजे बिंदू नाही, म्हणून (x - 4) फक्त छेदात लिहिला जातो. तसे केले तर छिद्राऐवजी तिसरी उभी अनंतस्पर्शी रेषा तयार होते. तो फक्त अंशात लिहिला, तर वक्र 4 वर x अक्षाला छेदू लागतो. छिद्रासाठी दोन्हीकडचा अवयव लागतोच.

a ठरवणारी अट

आता y = 2 ही आडवी अनंतस्पर्शी रेषा उरली. ती सांगते की x खूप मोठा झाल्यावर सूत्राची किंमत 2 च्या जवळ यायला हवी. x = 1000 घेतला तर (x + 3) म्हणजे 1003 आणि (x - 3) म्हणजे 997. एवढ्या मोठ्या संख्यांत अधिक-उणे तीनचा फरक जवळजवळ नगण्य. प्रत्येक अवयव स्वतः x सारखाच वागू लागतो. आपल्या सूत्रात वर तीन अवयव, खाली तीन अवयव. ते एकमेकांना जवळपास काटतात आणि मागे उरतो फक्त a. म्हणून a = 2.

ज्यांना पाठ्यपुस्तकातला नियम आठवतो त्यांच्यासाठी तोच नियम असा आहे. अंशाची आणि छेदाची कोटी समान असेल, तर आडव्या रेषेची उंची सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकांच्या गुणोत्तराएवढी असते. छेदाची कोटी जास्त असेल, तर आडवी रेषा x अक्षच, म्हणजे y = 0 असते. अंशाची कोटी जास्त असेल, तर आडवी अनंतस्पर्शी रेषा नसतेच. ती बरोबर एकाने जास्त असेल, तर वक्र दूरवर एका तिरक्या रेषेजवळ जातो.

आपले सूत्र पूर्ण झाले:

```
f(x) = 2(x + 3)(x - 1)(x - 4) / ((x + 2)(x - 3)(x - 4))
```

दिलेल्या माहितीतल्या दोन गोष्टींना आपण अजून हात लावलेला नाही. y अक्षावरचा छेद 1 आहे ही एक, आणि छिद्राची उंची 7 आहे ही दुसरी. त्यांच्याविना सूत्र तयार झाले, म्हणून त्या आता पडताळणीच्या कामाच्या. x = 0 घातला की वर 2 × 3 × (-1) × (-4), म्हणजे 24, आणि खाली 2 × (-3) × (-4), म्हणजे तेही 24. उत्तर 1. बरोबर.

छिद्राची उंची काढताना मूळ सूत्रात 4 घालून चालत नाही. आधी (x - 4) दोन्हीकडून काढायचा आणि उरलेल्या सूत्रात x = 4 घालायचा. 2 × 7 × 3 म्हणजे 42, भागिले 6 × 1, उत्तर 7. हेही बरोबर. आजूबाजूच्या किमतीही तेच सांगतात. x = 3.99 ला किंमत सुमारे 7.05 येते आणि x = 4.01 ला सुमारे 6.95. वक्र दोन्ही बाजूंनी 7 कडेच येतो, फक्त तिथे पोहोचत नाही.

चिन्हांची परीक्षा

सूत्र अटी पाळते, पण चित्र दिले असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वक्र कुठल्या दिशेने धावतो? आपल्या सूत्रात x = -2.1 घातला तर सुमारे -10.9 येते आणि x = -1.9 घातला तर सुमारे 13. म्हणजे रेषेच्या डावीकडे वक्र खाली जातो, उजवीकडे वर. x = 3 पाशीही असेच घडते. 2.9 ला किंमत सुमारे -45.8, 3.1 ला सुमारे 50.2.

ही दिशा बदलते, कारण (x + 2) हा अवयव -2 ओलांडताना ऋणाचा धन होतो आणि बाकीचे अवयव तिथे आपले चिन्ह बदलत नाहीत. चित्रात मात्र -2 च्या दोन्ही बाजूंना वक्र वरच जाताना दिसला, तर छेदात (x + 2) चा वर्ग हवा. वर्गाचे चिन्ह बदलत नाही. x अक्षाबाबतही हेच तत्त्व आहे. वक्र अक्ष ओलांडून पलीकडे गेला तर अवयवाचा घात विषम, अक्षाला नुसता टेकून परत फिरला तर सम. घात वाढवला की कोटीही वाढते, म्हणून आडव्या रेषेचा हिशेब पुन्हा करावा लागतो. शब्दांत दिलेल्या प्रश्नात ही माहिती बहुधा नसते. तिथे प्रत्येक घात 1 धरण्याचा प्रघात आहे.

आडव्या अनंतस्पर्शी रेषेबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करता येतो. वक्र तिला कधीच छेदत नाही असे पुष्कळांना वाटते. उभ्या रेषेबाबत ते खरे आहे, कारण तिथे फलनाला किंमतच नसते. आडवी रेषा मात्र फक्त दूरवरच्या वागण्याबद्दल बोलते. आपल्या वक्रात x = -1 घालून पाहा. (x - 4) काढल्यावर वर 2 × 2 × (-2), म्हणजे -8, आणि खाली 1 × (-4), म्हणजे -4. उत्तर नेमके 2. वक्र y = 2 ला तिथे बिनदिक्कत छेदून जातो आणि पुढे दूरवर पुन्हा तिच्याजवळ येतो. x = 100 ला किंमत सुमारे 2.06 असते, x = 1000 ला सुमारे 2.006. आलेखात असा छेद दिसला म्हणून सूत्र चुकले असे समजू नये.

आडवी रेषा x अक्षच असेल तर

वरच्या उदाहरणात a ची किंमत आडव्या रेषेने दिली. ती y = 0 असेल तेव्हा असे होत नाही. समजा उभ्या रेषा त्याच, -2 आणि 3 वर. छिद्र x = 4 वर. पण x अक्षाला वक्र फक्त 1 वर छेदतो आणि दूरवर y = 0 कडे जातो. सांगाडा असा होईल:

```
g(x) = a(x - 1)(x - 4) / ((x + 2)(x - 3)(x - 4))
```

अंशाची कोटी 2, छेदाची 3. म्हणजे a कोणताही असला तरी दूरवर किंमत शून्याकडेच जाणार. आडव्या रेषेची अट आधीच पाळली गेली आणि a मोकळाच राहिला. आता मघाची साक्षीदार अट कामाला येते. y अक्षावरचा छेद 1/2 आहे असे दिले असेल, तर x = 0 घालून a/6 = 1/2, म्हणून a = 3. मग छिद्राची उंची आपोआप ठरते: 3 × 3 भागिले 6 × 1, म्हणजे 3/2. प्रश्नात छिद्र (4, 3/2) वर आहे असे म्हटले असेल तर सगळे जुळते. तिथे (4, 3) लिहिले असेल, तर त्या अटीला a = 6 हवा आणि y अक्षाच्या अटीला 3. या साध्या सांगाड्यात दोन्ही एकदम पाळता येत नाहीत.

म्हणून प्रश्न सोडवायला घेताना आधी हिशेब करावा. उभ्या रेषा, x अक्षावरचे छेद आणि छिद्राचे x यांतून अवयव ठरतात. उरतो एक a. त्याला ठरवायला एकच अट पुरते. त्यापुढची प्रत्येक अट एकतर जुळते, नाहीतर सांगाडा मोठा करायला भाग पाडते.

प्रयोगशाळेतही हा हिशेब भेटतो. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटन यांनी १९१३ साली विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, अभिक्रियेचा वेग आणि पदार्थाची संहती यांचा संबंध मांडला. तो परिमेय फलनच आहे: v = V·S / (K + S). संहती S शून्य असताना वेग शून्य, म्हणून अंशात S. संहती कितीही वाढवली तरी वेग V या मर्यादेकडेच जातो, म्हणून पुढचा गुणक V. छेद सांगतो की S = -K वर उभी अनंतस्पर्शी रेषा आहे, पण ऋण संहती नसते, त्यामुळे प्रयोगात ती रेषा दिसणे शक्य नाही. तिची जागा दुसऱ्याच खुणेवरून ओळखतात. S जेव्हा K एवढी होते, तेव्हा वेग नेमका V च्या निम्मा असतो. रेषा नजरेस पडली नाही, तरी एका बिंदूच्या अटीने छेद पक्का होतो.

अटी जुळत नाहीत तेव्हा

पुन्हा पहिल्या वक्राकडे येऊ. समजा सगळे तसेच आहे, पण y अक्षावरचा छेद 1 ऐवजी 3 दिला आहे. आपले सूत्र 1 देते. a बदलावा तर आडवी रेषा हलते. मग असा वक्र नसतोच का? असतो. वरच्या अटींना धक्का न लावता सूत्राला गुणता येईल असा एक गुणक शोधायचा. तो कुठेही शून्य होता कामा नये, म्हणजे नवे छेद येणार नाहीत. त्याचा छेदही कुठे शून्य होऊ नये, म्हणजे नव्या उभ्या रेषा येणार नाहीत. दूरवर त्याची किंमत 1 कडे जावी, म्हणजे y = 2 टिकेल. आणि x = 0 ला तो 3 असावा.

(x² + 3) / (x² + 1) हा गुणक या चारही गोष्टी करतो. पण छिद्राची उंची तपासली की अडचण कळते. x = 4 ला या गुणकाची किंमत 19/17 येते आणि छिद्र 7 वरून सुमारे 7.8 वर सरकते. म्हणजे आणखी एक अट घालायला हवी: x = 4 ला गुणकाची किंमत 1 असावी. ती पाळणारा गुणक हा:

```
(x² - x + 6) / (x² + 2)
```

x = 0 ला 6/2, म्हणजे 3. x = 4 ला 18/18, म्हणजे 1. खालची बहुपदी कधी शून्य होत नाही हे उघड आहे. वरचीही होत नाही, कारण तिचा विवेचक 1 - 24, म्हणजे ऋण आहे. f(x) ला याने गुणले की रेषा, छेद आणि छिद्र सगळे जागच्या जागी राहतात, फक्त y अक्षावरचा छेद 3 होतो. या नव्या वक्राची मधली वळणे मूळ वक्राहून वेगळी असतात.

या गुणकाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शून्याला 1 देणारा असाच एखादा गुणक घेतला, तर मूळ अटी पाळणारे दुसरे सूत्रही तयार होते, आणि अशी सूत्रे अगणित आहेत. रेषा, छेद आणि छिद्र सांगितले म्हणजे वक्र पूर्ण सांगितला असे होत नाही. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेल्या प्रश्नात 'शक्य तितक्या कमी कोटीचे' असे शब्द असतात, किंवा 'एक सूत्र लिहा' असे म्हटलेले असते. उत्तरपुस्तिकेतले सूत्र आपल्याहून वेगळे दिसले, तर आधी दोन्ही सूत्रांत त्याच अटी घालून पाहाव्यात. दोन्ही बरोबर असू शकतात.

पडद्यावर तपासताना

सूत्र संगणकावर किंवा मोबाइलवर तपासायचे असेल, तर छेदाला स्वतःचा कंस हवा. (x-1)/(x+2)*(x-3) असे लिहिले, तर बहुतेक संगणकभाषांत (x - 3) छेदात न जाता गुणक म्हणून वर जातो. मग x = 3 वरची उभी रेषा नाहीशी होते आणि वक्र तिथे x अक्षाला छेदतो. अपेक्षित रेषा गायब झाली की आधी कंस पाहावेत.

छिद्राबाबत मात्र नजरेवर विसंबू नये. एक बिंदू गळला तरी पडद्यावरचा वक्र सलगच दिसतो, कारण पडद्यावरचा एक ठिपकाही त्या बिंदूपेक्षा मोठा असतो. छिद्राची खात्री आकड्यांनीच करावी. मूळ, न काटलेल्या सूत्रात x = 4 घातला की किंमत मिळता कामा नये, आणि काटलेल्या सूत्रात तोच 4 घातला की 7 मिळायला हवे. म्हणूनच उत्तर लिहिताना (x - 4) वर-खाली दोन्हीकडे तसाच ठेवावा लागतो. तो काटून सूत्र सुटसुटीत करणाऱ्याने छिद्र बुजवलेले असते, आणि मग ते सूत्र दुसऱ्याच फलनाचे होते.